शेवटी धक्का द्यायचाय, पण काहीही न लपवता: ट्विस्ट रचायची एक पद्धत

कथेच्या शेवटी वाचक दचकतो ते दोन कारणांनी. एक तर त्याला जे आधी कळायला हवं होतं ते लेखकाने शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवलेलं असतं. नाहीतर सगळं त्याच्या समोरच होतं, त्याने ते वाचलंही होतं, फक्त अर्थ भलताच लावला होता. पहिल्या प्रकारात तो "अच्छा, असं होतं होय" म्हणतो आणि मोबाइल खाली ठेवतो. दुसऱ्या प्रकारात तो मागे जाऊन परत वाचायला लागतो. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे आणि फक्त लघुकथेबद्दल आहे, कादंबरीत हेच करताना बाकीच्या बऱ्याच भानगडी येतात, त्या इथे घेत नाही.

नवीन लिहिणाऱ्यांच्या कथा वाचताना मला एकच गोष्ट सारखी दिसते, शेवटावर प्रचंड मेहनत आणि त्याच्या आधीची कथा म्हणजे नुसतं वाट बघणं. प्रत्यक्षात काम उलट्या बाजूने असतं. वाचकाने पहिल्या वाचनात जो अर्थ लावायचा तोच इतका समाधानकारक पाहिजे की दुसरा काही अर्थ असेल अशी शंकाच त्याला येऊ नये. हे एकदा लक्षात ठेवलं की खालच्या स्टेप्स सोप्या जातात.

सुरुवातीला काय काय लागेल

- एक कोरं पान, मधे उभी रेघ मारून दोन रकाने केलेलं (कंप्युटरवर केलं तरी चालतं पण कथेच्या फाईलमध्ये नको, वेगळं ठेवा)
- कथेचा कच्चा खर्डा, किंवा निदान कोणत्या प्रसंगानंतर कोणता प्रसंग एवढा आराखडा
- दोन रंगांची पेनं
- कथेबद्दल ज्यांना तुम्ही एक शब्दही सांगितलेला नाही असे दोन-तीन वाचणारे

शेवटची वस्तू सगळ्यात महाग आहे, कारण एका माणसाला तुम्ही एकदाच फसवू शकता. पहिल्याच खर्ड्यावर सगळे वाचक खर्च करून टाकू नका.

उदाहरणासाठी मी एक कथा घेतोय, साधीच आहे, मुद्दाम या लेखासाठी रचलीय. सुधा आणि तिचे बाबा. बाबांची दृष्टी गेलेली. भाऊ विनय दूर राहतो आणि त्याने पत्र पाठवणं कधीच बंद केलंय, फोनही उचलत नाही. बाबा दर रविवारी विचारतात, विनयचं पत्र आलं का. म्हणून सुधाच विनयच्या नावाने पत्र लिहिते आणि वाचून दाखवते, मग बाबा उत्तर सांगतात आणि ती ते लिहून घेते. हे सगळं वाचकाला पहिल्याच पानावर माहीत आहे. यात काहीही लपवलेलं नाही. शेवटी कळतं ते एवढंच, की बाबांना हे पहिल्या पत्रापासून माहीत होतं आणि उत्तरं ते सुधालाच देत होते.

१. दोन्ही कथा एकेका वाक्यात लिहा

कोऱ्या पानावर डावीकडे वाचकाला पहिल्यांदा दिसणारी कथा, उजवीकडे शेवटानंतर दिसणारी.

डावीकडे: मुलगी बापाला खोट्या पत्रांवर जगवते, आणि भावासाठी असलेली बापाची माया चोरून स्वतः ऐकते.

उजवीकडे: बापाला सगळं कळलंय, पण मुलगी स्वतःबद्दल फक्त या पत्रांतूनच बोलते म्हणून तो पत्रं चालू ठेवतो.

आता दोन्ही वाक्यांतल्या घटना तपासा. पत्र लिहिणं, वाचणं, उत्तर सांगणं, सगळं तेच. बदललं काय, तर कोण कोणाला सांभाळतंय आणि बोलणं कोणाला उद्देशून आहे. हेच पाहिजे. उजवीकडच्या वाक्यात एखादी नवीन घटना घुसली असेल, उदाहरणार्थ "बाबांना मागच्या वर्षी विनयचा फोन आला होता", तर तुमचा ट्विस्ट दडवलेल्या माहितीवर उभा आहे.

आणि डावीकडचं वाक्य एकटं घेऊन स्वतःला विचारा, एवढीच कथा असती तरी मी लिहिली असती का? सुधाची कथा ट्विस्टशिवायही चालते. विनय काय करतो हे तिला माहीतच नाही, म्हणून पत्रात ती स्वतःचंच आयुष्य घालते, ऑफिसातला त्रास, रात्रीची जागरणं, बदली घ्यावी की नाही. बाबा विनयला म्हणून धीर देतात आणि तो धीर तिला मिळतो, उसना. वाचकाला वाटतं कथेतली गंमत आणि वेदना हीच आहे, मला सापडली, आता पुढे वाचू. त्याचं शोधणं इथेच थांबतं. डावीकडे नुसतं "मुलगी बापाला पत्र वाचून दाखवते" एवढंच असतं तर तो "मग पुढे काय?" करत प्रत्येक ओळ हुंगत बसला असता.

२. कोणाच्या नजरेतून सांगायचं ते ठरवा

इथे चुकलं की पुढे कितीही दुरुस्त्या केल्या तरी कथा सावरत नाही, म्हणून जरा थांबून ठरवा.

नियम सोपा आहे, नजर त्या माणसाची घ्या ज्याला दुसरा अर्थ माहीत नाही. आपल्या कथेत सुधा. तिच्या मनात जे येतं ते सगळं मोकळेपणाने लिहिता येतं, कारण ती स्वतःच चुकतेय. बाबांच्या मनात शिरायचंच नाही, फक्त हात, आवाज, शब्द.

समजा हीच कथा बाबांच्या तोंडून सांगितली. त्यांना तर सगळं माहीत आहे, मग प्रत्येक पानावर त्यांचा विचार अर्धवट तोडावा लागेल. "मला कळलं होतं की..." असं म्हणून पुढचा परिच्छेद. वाचकाला हे लगेच जाणवतं आणि शेवटी रागही येतो, कारण ज्याच्या डोक्यात आपण बसलो होतो त्याने सगळ्यात मोठी गोष्ट सोडून बाकी सगळं आपल्याला सांगितलेलं असतं.

रहस्यकथांच्या बाबतीत रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली दहा नियम मांडले होते, त्यात एक असा की डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक धागा वाचकासमोर आला पाहिजे. आपली कथा डिटेक्टिव्हची नाही पण कर्ज तेच आहे, नजर ज्याची त्याला जे दिसलं ते वाचकाला दिसलंच पाहिजे.

३. प्रत्येक तपशिलाला दोन कामं द्या

आता त्या दोन रकान्यांत तपशील भरायचे. डावीकडे तो तपशील पहिल्या वाचनात का आहे, उजवीकडे दुसऱ्या वाचनात का आहे. एखाद्या ओळीचा डावा रकाना रिकामा राहिला तर तो तपशील वाचकाला टोचणार, "हे कशाला सांगितलं?" असं त्याला वाटलं की खेळ संपला. उजवा रिकामा राहिला तर हरकत नाही, तो साधा तपशील, कथेत असे पुष्कळ लागतात.

तीन तपशील घेऊन बघू.

पहिला, बदलीचा सल्ला. पत्रात "विनय" लिहितो की बदली मिळतेय पण मन होत नाही. बाबा उत्तरात सांगतात, "त्याला लिही, माझ्यासाठी म्हणून थांबू नकोस." डावं काम: दूर राहणाऱ्या मुलाला असं सांगणारा बाप, सुधाच्या घशात आवंढा, कारण ती तर इथेच अडकलीय. उजवं काम: हे तिलाच सांगितलंय, आणि "माझ्यासाठी थांबू नकोस" हे शब्द विनयला तसे लागूच होत नाहीत, तो थांबलाच कुठे होता! शब्द समोर आहेत, विसंगती समोर आहे, पण सुधा हळवी झालेली असल्यामुळे वाचकही तिच्याबरोबर हळवा होतो आणि हिशोब करत नाही.

दुसरा, कागद. हा मला जास्त आवडतो कारण तो दोन तुकड्यांत दिलाय. पहिल्या रविवारी उत्तर लिहून झाल्यावर सुधा पॅड बाबांसमोर धरते, सही कुठे करायची ते दाखवायला त्यांचं बोट नेते, आणि बोट कागदाच्या कडेवरून, पंच केलेल्या दोन भोकांवरून सरकत खाली येतं. दुसऱ्या रविवारी "विनयचं" पत्र त्यांच्या हातात जातं आणि ते कडेवरून अंगठा फिरवतात. पत्र त्याच पॅडवरचं आहे. पहिल्या तुकड्याचं डावं काम, आंधळ्या माणसाने सही करणं. दुसऱ्याचं डावं काम, मुलाचं पत्र मायेने कुरवाळणं. दोन तुकडे जोडले तरच बोंब होते, आणि मधे दोन-तीन पानं आहेत.

तिसरा, खुर्ची. एका उत्तरात बाबा म्हणतात, "आणि ती खुर्ची बदलून घे म्हणावं, रात्र रात्र बसतोस त्यावर." पत्रात खुर्चीचा उल्लेखच नव्हता. सुधाची खुर्ची मात्र करकरते आणि शेजारच्या खोलीत बाबांना ती रात्री ऐकू येते, हे कथेत आधी एकदा येऊन गेलंय. हा तपशील पहिल्या दोघांपेक्षा धोक्याचा आहे, कारण इथे पहिला अर्थ थोडा फाटतो. असा फाटणारा तपशील एकच ठेवा, आणि त्याच जागी त्याला एक सरळ स्पष्टीकरण द्या. सुधा मनात म्हणते, जागरणाचं लिहिलं होतं, त्यावरून म्हणत असतील. वाचकाला कारण मिळालं, तो पुढे गेला.

असे किती हवेत? लघुकथेत तीन-चार पुरतात. दहा-बारा पेरले की दुसऱ्या वाचनात कथा कथेसारखी वाटतच नाही, कोड्यासारखी वाटते.

४. धागा कुठे ठेवायचा

परिच्छेदाच्या शेवटी ठेवू नका. शेवटच्या ओळीनंतर वाचक क्षणभर थांबतो आणि त्या क्षणात विचार करतो. धागा मधे हवा, आणि त्याच्या लगेच नंतर त्याच्यापेक्षा मोठा आवाज करणारं काहीतरी हवं. पण सगळ्यात उपयोगी युक्ती ही की वाचकाला भलत्याच गोष्टीची काळजी करायला लावा. उदाहरण:

"सुधाने जुन्या पाकिटावरचं तिकीट काढून नव्यावर चिकटवलं होतं. एक कोपरा नीट बसला नव्हता. तिने पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. बाबांनी आतला कागद काढला, कडेवरून अंगठा फिरवला, आणि पाकीट न चाचपताच बाजूला ठेवलं. 'वाच,' ते म्हणाले. तिकिटाचं तर निभावलं होतं."

वाचक तिकिटाच्या कोपऱ्याला चिकटलाय. अंगठा त्याच्या डोळ्यांसमोरून गेला, तीन क्रियांमधली मधली क्रिया म्हणून, आणि त्याला वाटलं संकट टळलं. शिवाय दुसऱ्या वाचनात पाकीट न चाचपणंसुद्धा अर्थ बदलतं, बाबांना गरजच नव्हती, कागदावरूनच कळलं होतं.

५. खोटं बोलणारी वाक्यं शोधून काढा

खर्डा झाला की एका रंगाचं पेन घेऊन अख्खी कथा उजव्या रकान्याच्या अर्थाने वाचा. जे वाक्य आता खोटं ठरतं त्याखाली रेघ. मग प्रत्येक रेघेला एकच प्रश्न, हे कोण म्हणतंय?

सुधा म्हणत असेल किंवा तिला वाटत असेल, तर राहू दे. माणसं चुकतात. पण निवेदक म्हणत असेल तर बदलायलाच हवं. "बाबांना काहीच कळलं नाही" हे निवेदकाचं वाक्य सरळ खोटं आहे. "बाबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही" हे दोन्ही वाचनांत खरं आहे. "बाबांना काही कळलं नसावं, असं तिला वाटलं" हेही चालतं, पण असं "तिला वाटलं" सारखं सारखं आलं की हुशार वाचकाला वास येतो, म्हणून जमेल तिथे दिसणाऱ्या गोष्टीच लिहा. वरच्या उताऱ्यात मी "त्यांना तिकीट समजलं नाही" न लिहिता "तिकिटाचं निभावलं होतं" लिहिलंय ते याचसाठी, तिकिटावरून पकडलं गेलं नाही एवढं तर खरंच आहे.

हे काम कंटाळवाणं आहे, मान्य, पण टाळू नका. कथा आवडलेला वाचकच परत मागे जातो आणि त्यालाच ही खोटी वाक्यं सापडतात.

६. कळ: शेवट कशाने फिरवायचा

इथे बहुतेक जण सापडलेलं पत्र, कोणीतरी येऊन सांगितलेली हकीकत, जुना फोटो असलं काहीतरी आणतात. ॲरिस्टॉटलने नाटकात पात्रांना ओळख पटण्याचे प्रकार सांगितलेत त्यात अंगावरचा व्रण, गळ्यातली माळ अशा खुणांवरून पटणारी ओळख त्याने सगळ्यात कमी कलेची ठरवलीय आणि घटनांमधूनच आपोआप उमगणारी सगळ्यात वरची. खूण बाहेरून आणावी लागते, हाच तिचा दोष.

म्हणून कळ कथेतच असलेल्या गोष्टीतून काढा. माझी पद्धत अशी, कथेत आधीपासून सारखं घडणारं काय आहे ते बघायचं आणि शेवटी त्यातला एकच भाग बदलायचा. सुधाच्या कथेत प्रत्येक उत्तर "प्रिय विनय" ने सुरू होतं. वाचक ते तीनदा ऐकून कंटाळलाय. मग शेवटच्या रविवारी:

"'घे, लिही,' बाबा म्हणाले. सुधाने पॅड मांडीवर घेतलं.
'प्रिय सुधा,' ते म्हणाले.
तिने 'प्रिय' लिहिलं आणि पेन थांबलं."

नवीन माहिती शून्य. एक नाव बदललं, आणि ते नाव कथेच्या पहिल्या शब्दापासून वाचकाकडे आहे. सल्ला, अंगठा, खुर्ची, तिन्ही एकदम फिरतात.

याच कथेचे दोन वाईट शेवट बघा म्हणजे फरक कळेल. एक, बाबा आंधळे नव्हतेच, नाटक करत होते. मागचं सगळं बदलतं खरं, पण मग ते खोलीत एकटे असताना भिंत चाचपत का चालत होते? तिथे निवेदकानेच फसवलं. दोन, शेजारी येऊन सांगतो की बाबा तुझी पत्रं मला दाखवायचे. हे खोटं नाही, पण कथेत तो शेजारी याआधी काही करत नव्हता, त्याला फक्त निरोप द्यायला बोलावलंय. चाचणी हवी असेल तर ही करा: वाचकाला शेवटच्या पानावरच पहिल्यांदा कळणाऱ्या गोष्टींची यादी काढा, त्यातली एक जरी काढून टाकली आणि शेवट कोसळला, तर तुमचा ट्विस्ट दडवलेल्या माहितीचाच आहे.

७. कळ दाबल्यावर हात मागे घ्या

"तिला आता सगळं आठवलं, तो अंगठा, ती खुर्ची, तो सल्ला..." हा परिच्छेद लिहायची भयंकर इच्छा होते. लिहा हवं तर, पण मग खोडा. परत मागे जाण्याचं काम वाचकाचं आहे, तेच तुम्ही करून दिलंत तर त्याला काही उरत नाही. फारच वाटलं की कोणालाच कळणार नाही, तर एकच तपशील परत दाखवा आणि तोही सगळ्यात छोटा. सुधाची नजर पॅडच्या भोकांवर जाते, बस. कारण काही नाही, अर्थ नाही.

बाबांना पण बोलू देऊ नका. "मला पहिल्यापासून माहीत होतं गं" हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं की गेलं सगळं.

८. वाचकांवर तपासा, पण प्रश्न नीट विचारा

"ओळखलंस का?" असं विचारू नका. कोणी हो म्हणतं, कोणी तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही म्हणतं, कळत काहीच नाही. त्यापेक्षा त्यांना वाचताना जिथे थांबावंसं वाटलं तिथे समासात टिंब द्यायला सांगा, आणि वाचून झाल्यावर विचारा की शेवटानंतर मागचं काय आठवलं.

मग उत्तरं अशी वाचायची. टिंब अंगठ्यावर आलं तर तिथलं डावं काम कमी पडतंय, माया आणखी दिसायला हवी, किंवा तिकिटाचा आवाज वाढवा. खुर्चीवर टिंब आलं आणि पुढे शंका टिकली नाही तर ठीक आहे. कोणालाच मागचं काही आठवलं नाही आणि "शेवट छान आहे" एवढंच म्हणाले, तर धागे जास्तच लपलेत, एखादा पुन्हा एकदा वेगळ्या रूपात आणा. आणि "फोन का नाही केला?" असं कोणी विचारलं तर ते हसण्यावारी नेऊ नका, उत्तर पहिल्या परिच्छेदात एका ओळीत टाका, नाहीतर वाचक ट्विस्ट तिथेच शोधत बसतो.

एखाद्याने कळीच्या थोडं आधी ओळखलं तर घाबरायचं कारण नाही, उलट "प्रिय सुधा" येईपर्यंतच्या त्या चार ओळी तो श्वास धरून वाचतो. दुसऱ्याच रविवारी ओळखलं तर मात्र शेवटाला हात लावू नका, पहिल्या स्टेपकडे परत जा आणि डावीकडचं वाक्य सुधारा.